पंधरा शब्दांच्या आत तुमचं काम: व्हिजिटिंग कार्ड आणि ईमेलखालची ओळ कशी लिहावी

व्हिजिटिंग कार्डावरच्या आणि ईमेलखालच्या मजकुराचं एकच काम आहे. ज्याला तुमची गरज आहे, त्याला "हे आपल्याच कामाचं माणूस" हे कळलं पाहिजे. पदवी, हुद्दा, फर्मचं नाव या गोष्टी त्यानंतरच्या. पंधरा शब्दांची मर्यादा पाळायची ती याचसाठी: मोजक्या जागेत काय आधी सांगायचं, हे ठरवणं भागच पडतं. मोजताना नाव, फोन, पत्ता आणि नोंदणी क्रमांक धरायचे नाहीत. उरलेला मजकूर चौदा शब्दांत बसवायचा.

सगळ्या व्यवसायांबद्दल थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. समजा, डोंबिवलीत एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बाई आहेत. जुन्या हाउसिंग सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट हे त्यांचं मुख्य काम. त्यांच्या कार्डावर नावाखाली आत्ता असा मजकूर आहे:

"बी.ई. सिव्हिल, एम.टेक. स्ट्रक्चर्स. कन्सल्टिंग इंजिनिअर. आरसीसी डिझाइन, स्ट्रक्चरल ऑडिट, एनडीटी, रिट्रोफिटिंग, व्हॅल्युएशन, प्रोजेक्ट मॅनेजमेंट. सर्व प्रकारची कामे समाधानकारक केली जातील."

यात खोटं काहीच नाही. तरीही हे कार्ड हातात घेणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला एनडीटी म्हणजे काय, रिट्रोफिटिंग आपल्याला लागतं का, हे कळत नाही. त्याला ज्यासाठी फोन करायचा आहे तो शब्द यादीत मधेच कुठेतरी अडकलाय.

पहिली पायरी: फोनवर लोक काय म्हणतात ते लिहून काढा

मजकूर लिहायला बसण्याआधी अलीकडच्या आठ-दहा चौकश्या आठवा. फोन, व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, जे असेल ते. समोरच्यानं वापरलेले शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवा, त्यांची तांत्रिक भाषा करू नका. या बाईंच्या कागदावर साधारण असं उतरेल:

"आमची बिल्डिंग पस्तीस वर्षांची झालीय, महापालिकेची नोटीस आलीय."

"वरच्या मजल्यावर स्लॅबचं प्लास्टर पडतंय, सळ्या दिसायला लागल्यात."

"मॅडम, रिपेअरवर खर्च करून बिल्डिंग टिकेल का? मेंबर लोक विचारतात, लेखी काहीतरी द्या."

तिसरं वाक्य सोन्यासारखं आहे. फोन करणाऱ्याला ऑडिट हवंय ते नियम म्हणून, पण डोक्यात प्रश्न आहे तो "टिकेल का" हा. आणि त्याला तोंडी मत नकोय, सर्वसाधारण सभेत सभासदांसमोर ठेवायला कागद हवाय. म्हणजे चौदा शब्दांत तीन गोष्टी यायला हव्यात: कोणासाठी, कोणता प्रश्न, आणि हातात काय पडणार.

दुसरी पायरी: एक ओळ लिहा आणि जास्तीचं वचन काढून टाका

पहिला मसुदा बहुधा असा होईल: "जुन्या सोसायट्यांचे स्ट्रक्चरल ऑडिट. दुरुस्ती करावी की रीडेव्हलपमेंट, याचा लेखी अहवाल." वाचायला छान आहे आणि शब्दही अकराच होतात. पण यात एक गडबड आहे. रीडेव्हलपमेंटचा निर्णय सोसायटीच्या सभेचा असतो. त्यात एफएसआय येतो, विकासक येतो, सभासदांचं मतदान येतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल इमारतीच्या प्रकृतीबद्दल बोलतो. महाराष्ट्रात महापालिका धोकादायक इमारतींचे सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ असे वर्ग करतात: रिकामी करून पाडण्याजोगी इमारत इथपासून किरकोळ दुरुस्तीवर भागेल अशी इमारत इथपर्यंत. ऑडिट करणारा इंजिनिअर तेवढंच सांगू शकतो. कार्डावर त्याहून मोठं वचन छापलं, तर पहिल्याच मीटिंगमध्ये "मग बिल्डर कोणता घ्यायचा?" असा प्रश्न येतो आणि बाईंना मागे सरावं लागतं.

म्हणून दुसरा मसुदा: "जुन्या सोसायट्यांचे स्ट्रक्चरल ऑडिट. दुरुस्ती पुरेल की इमारत पाडावी लागेल, याचा लेखी अहवाल." हे अचूक आहे, पण त्या घरांत माणसं राहतात. 'पाडावी लागेल' हे शब्द सेक्रेटरीच्या हातून सभासदांच्या ग्रुपवर गेले, तर पाहणी व्हायच्या आधीच घबराट पसरेल. फोनवरच्या माणसाचाच शब्द इथे उपयोगी पडतो:

"जुन्या सोसायट्यांचे स्ट्रक्चरल ऑडिट. इमारत दुरुस्तीने टिकेल का, याचा लेखी अहवाल. ठाणे जिल्हा."

तेरा शब्द. 'जुन्या' हा शब्द सगळ्यात आधी आहे, कारण सेक्रेटरी स्वतःला त्या शब्दात ओळखतो. 'ठाणे जिल्हा' शेवटी, म्हणजे बदलापूरच्या माणसाला फोन करायला संकोच वाटत नाही आणि पुण्याचा माणूस वेळ घालवत नाही. 'सर्व प्रकारची कामे', 'समाधानकारक', 'विश्वासू', 'दर्जेदार' हे शब्द मी कुठल्याही कार्डावरून आधी काढतो. कोणीही इंजिनिअर आपण असमाधानकारक काम करतो असं छापणार नाही, त्यामुळे त्या शब्दांतून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही.

ओळ तपासायची एक खात्रीची पद्धत आहे. तिच्यावर त्याच गावातल्या दुसऱ्या एखाद्या व्यावसायिकाचं नाव ठेवून वाचा. नवीन बंगल्यांचं आरसीसी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरलाही ती चपखल बसत असेल, तर ओळ अजून ढोबळ आहे. वरची ओळ त्याला बसत नाही. मग ती व्यवसायाबाहेरच्या कोणाला तरी फोनवर एकदाच वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा, "त्या बाई काय करतात?" उत्तर "जुन्या बिल्डिंगा तपासतात" असं आलं की काम झालं.

वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट यांनी मात्र ही पायरी जपून करावी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला पाटीवर किंवा स्टेशनरीवर आपण अमुक प्रकारच्या कामात विशेषज्ञ आहोत असं लिहिता येत नाही, म्हणजे "घटस्फोटाच्या दाव्यांचे तज्ज्ञ" हा मजकूर बाद. सीएंनाही आपल्या संस्थेच्या आचारसंहितेमुळे कार्डावर "इन्कम टॅक्स कन्सल्टंट" असं बिरूद लावता येत नाही. त्यांनी नाव, मान्य पदवी आणि गाव एवढ्यावर थांबावं.

तिसरी पायरी: ईमेलसाठी वेगळी ओळ

कार्डावरची ओळ उचलून ईमेलखाली चिकटवायची सवय सार्वत्रिक आहे, पण दोन्हीकडचा वाचक वेगळा असतो. कार्ड खणात पडून राहतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. तेवढ्या काळात कमिटी बदलते. नव्या सेक्रेटरीला कार्ड सापडतं तेव्हा या बाई कोण हे सांगणारं तिथे कोणी नसतं, म्हणून कार्डानं सगळं स्वतःच सांगायला हवं.

ईमेल वाचणाऱ्याला विषय आधीच माहीत असतो. पण ईमेल पुढे पाठवली जाते: सेक्रेटरीकडून कमिटीला, तिथून दुरुस्तीच्या ठेकेदाराला, कधी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात. तिथे पहिला प्रश्न येतो, "यांना हे सांगायचा अधिकार आहे का?" म्हणून ईमेलच्या ओळीत अधिकार आधी:

"स्ट्रक्चरल इंजिनिअर, कल्याण-डोंबिवली महापालिका नोंदणीकृत. जुन्या सोसायट्यांचे ऑडिट आणि लेखी अहवाल."

अकरा शब्द. खाली नोंदणी क्रमांक आणि +91 लावलेला मोबाइल नंबर. नुसतं 'नोंदणीकृत' लिहू नका. कोणाकडे ते लिहिलं नाही तर त्या शब्दाला वजन राहत नाही.

जीमेलमध्ये संगणकावर वरच्या चाकावर क्लिक करून `See all settings` उघडा, `General` मध्ये खाली `Signature` सापडेल. ओळ तिथे टाइप करा. मग `Signature defaults` मध्ये नव्या ईमेलसाठी आणि उत्तरांसाठी ती निवडा, नाहीतर ओळ तयार असूनही कुठेच दिसत नाही. सगळ्यात शेवटी `Save Changes` दाबायला विसरू नका. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये `Mobile Signature` वेगळी भरावी लागते. कार्डाचा फोटो सिग्नेचर म्हणून टाकू नका: बऱ्याच ठिकाणी चित्रं आपोआप उघडत नाहीत, आणि चित्रातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही.

चौथी पायरी: छापखाना

आपल्याकडचं नेहमीचं कार्ड ३.५ इंच बाय २ इंच असतं. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे इंग्रजीसाठी चालणारा आठ पॉइंटचा आकार मराठीत बारीक वाटतो. मुख्य ओळ दहा पॉइंटच्या खाली नेऊ नका. ती तीन ओळींत मोडा आणि कुठे मोडायची ते छापखान्यावर सोडू नका:

जुन्या सोसायट्यांचे स्ट्रक्चरल ऑडिट
इमारत दुरुस्तीने टिकेल का, याचा लेखी अहवाल
ठाणे जिल्हा

ओळी मोडल्या की त्यांच्या शेवटच्या पूर्णविरामांची गरज उरत नाही, ते काढा.

खरी गडबड फाँटमध्ये होते. अनेक छापखाने अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटवर काम करतात. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर तिथे रूपांतरित होतो किंवा पुन्हा टाइप होतो, आणि जोडाक्षरं फुटतात. आपल्या ओळीत नेमकी अशी दोन ठिकाणं आहेत: 'सोसायट्यांचे' मधला ट्य आणि 'स्ट्रक्चरल' मधला स्ट्र. छपाईआधी पीडीएफ प्रूफ मागवा, मोठं करून ही दोन अक्षरं, 'ऑ'वरचा चंद्र आणि फोनचा प्रत्येक आकडा तपासा. प्रूफमध्ये काही दुरुस्त करायला लावलंत, तर नवं प्रूफ पुन्हा पूर्ण वाचा. कागद मॅट घ्या आणि मागची बाजू लॅमिनेशनशिवाय कोरी ठेवा, म्हणजे भेटीची तारीख पेनानं लिहिता येते. गुळगुळीत लॅमिनेशनवर बॉलपेन उमटत नाही.

छापायची घाई मात्र नको. आधी ईमेलची ओळ बदला, त्याला पैसे लागत नाहीत. कार्डाची ओळ व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या प्रोफाइलवर टाका. महिना-दोन महिने येणारे फोन ऐका. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठीच जास्त फोन यायला लागले, तर 'दुरुस्तीने' हा शब्द लोक वेगळा वाचतायत. त्या जागी "इमारतीचा सांगाडा टिकेल का" असं करून पाहा, शब्द तेरापेक्षा वाढत नाहीत. चौकश्या हव्या तशा यायला लागल्या की मग शंभर कार्डं छापा. पाचशेचा दर स्वस्त पडतो, पण नंबर किंवा नोंदणी बदलली की उरलेला गठ्ठा टाकून द्यावा लागतो.