पहिले लेखापरीक्षण: ३१ मार्चच्या साठ्यातील या चुका टाळा

खासगी मर्यादित कंपनीची उलाढाल कितीही कमी असली, तरी कंपनी कायदा, २०१३ नुसार तिला हिशेबांचे लेखापरीक्षण करून घ्यावेच लागते. मालाचा व्यवहार असलेल्या कंपनीत पहिल्या वर्षी ते बहुधा साठ्यापाशी अडते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोजणी एप्रिलमध्ये सवडीने करणे, कारण तोवर माल आत-बाहेर झालेला असतो. साठ्याची रक्कम मोठी असेल तर लेखापरीक्षकाने मोजणीला हजर राहणे अपेक्षित असते. म्हणून मार्चच्या सुरुवातीलाच त्याला तारीख कळवावी, त्या दिवशी मालाची ये-जा थांबवावी आणि माल-आवक पावतीचा व डिलिव्हरी चलनाचा शेवटचा क्रमांक मोजणीच्या तक्त्यावर लिहून घ्यावा. पुढचा सगळा ताळा या दोन क्रमांकांवरच बसतो.

पुठ्ठ्याची खोकी बनवणारी एक कंपनी उदाहरणादाखल घेऊ. तिच्या गोदामात ३१ मार्चला १,८०,००० रुपयांचा कागद उतरला आणि मोजलाही गेला; बिल मात्र ५ एप्रिलला हाती आल्याने खरेदी एप्रिलमध्ये नोंदली गेली. साठा वाढला, देणे दिसले नाही आणि नफा तेवढ्याच रकमेने फुगला. दुसरीकडे, ३० मार्चला २,४०,००० रुपयांचे बिल करून पाठवलेली खोकी नागपूरच्या ग्राहकाकडे २ एप्रिलला पोहोचली. माल ग्राहकाच्या दारात पोचवेपर्यंत जोखीम कंपनीची, असे ठरलेले असल्यामुळे ही विक्री पुढच्या वर्षाची ठरते आणि ती खोकी, विक्रीच्या नव्हे तर उत्पादनखर्चाच्या किमतीने, वाटेतला माल म्हणून मार्चच्या साठ्यात येतात. जीएसटीच्या मार्चच्या विवरणपत्रात मात्र हे बिल राहते. म्हणून दोन्हीकडील विक्रीतला २,४०,००० रुपयांचा फरक समजावणारे जुळवणीपत्रक आधीच तयार ठेवावे. नाहीतर लेखापरीक्षकाचा पहिला प्रश्न तोच असेल.

अशी गफलत ओळखण्यासाठी ३१ मार्चच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच चलने व आवक पावत्या काढून प्रत्येकीचे बिल कोणत्या महिन्यात नोंदले आहे ते पाहावे. मार्चच्या ढोबळ नफ्याचे प्रमाण इतर महिन्यांपेक्षा एकदम वेगळे दिसत असेल, तर तपासणी आणखी मागे न्यावी.

येणे-देण्याच्या याद्यांत नुसती बाकी पुरत नाही. ताळेबंदात थकबाकीचे वय देय तारखेपासून दाखवावे लागते, त्यामुळे प्रत्येक बिलाची देय तारीख नोंदलेली हवी. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे वेगळे दाखवायचे असल्याने पुरवठादारांची उद्यम प्रमाणपत्रेही मार्चपूर्वीच मागवावीत.

या चुका दुरुस्त करताना जुनी नोंद बदलू नये किंवा पुसू नये; स्पष्ट तपशिलासह नवी दुरुस्ती-नोंद करावी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी सोय वर्षभर चालू असणे बंधनकारक आहे. ती मार्चमध्ये चालू केली तर आधीच्या महिन्यांचा माग परत मिळत नाही आणि लेखापरीक्षकाला ते अहवालात लिहावेच लागते.