रात्री मोठा गेम डाउनलोडला लावताय? आधी स्लीप बंद करा

स्टीमच्या सेटिंगमध्ये Downloads मध्ये जाऊन ऑटो अपडेटची वेळ ठरवता येते, तिथे रात्री १ ते सकाळी ६ टाका, कारण संध्याकाळी सगळे एकदम व्हिडिओ बघत असतात आणि लाइन तुंबते, रात्री ती बरीच मोकळी असते. पण ही वेळ फक्त अपडेटला लागू होते हां, नवीन गेमला इन्स्टॉल दाबलं की तो लगेच सुरू होतो, म्हणून तो झोपायच्या आधीच लावा. आणि मेन म्हणजे पीसी स्लीपमध्ये गेला की डाउनलोड थांबतं, सकाळी बघावं तर १२ टक्क्यांवर अडकलेलं! स्लीप Never वर ठेवा, स्क्रीन बंद झाली तरी चालतं. ८० जीबीच्या गेमला ५० एमबीपीएसचा पूर्ण स्पीड मिळाला तरी साडेतीन तास लागतातच.