फॉर्ममधलं 'राष्ट्रीयत्व' मला महागात पडलं

बडोद्यात दांडिया बाजारजवळ आमचं छोटं गेस्टहाउस आहे. मराठी पाहुणे बरेच, म्हणून चेक-इनचा फॉर्म मीच मराठीत केला, शब्दाला शब्द ठेवून.

पहिला दणका 'राष्ट्रीयत्व'नं दिला. अमेरिकेहून आलेल्या एका काकांनी तिथं ठसक्यात 'भारतीय' लिहिलं. जन्म बडोद्याचा, खिशात भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड. त्यांच्या मनानं बरोबरच! पण पासपोर्ट अमेरिकेचा, आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. परदेशी पाहुण्याची माहिती आम्हाला ऑनलाइन कळवावी लागते, ती राहिलीच असती. पासपोर्टची झेरॉक्स काढताना भाचीच्या लक्षात आलं. आता तिथं सरळ विचारतो : 'पासपोर्ट कोणत्या देशाचा? (नसल्यास नागरिकत्व)'.

'भेटीचा उद्देश' वाचून लोक कुणाला भेटायचं ते लिहीत. एकानं नुसतं 'मामा' लिहिलं होतं. तिथं 'बडोद्याला येण्याचं कारण' केलं आणि खाली लग्न, काम, उपचार, पर्यटन असे पर्याय दिले.

'पुढील गंतव्य'समोर हमखास बडोद्यातलाच 'सूरसागर' तलाव किंवा 'स्टेशन' यायचं. आता 'इथून निघाल्यावर पुढचा मुक्काम कोणत्या गावी?' असं छापलंय. परवा उत्तर आलं : 'भरूच, ताईकडे'.