केस स्टडीतली पन्हळ आपल्या डिझाइनमध्ये कशी आणायची: कोल्हापूरच्या एका स्टुडिओ प्रोजेक्टचा अनुभव

आर्किटेक्चरच्या सेकंड-थर्ड इयरच्या ज्युनियर्ससाठी लिहितोय. आपल्याकडे केस स्टडीच्या शीट्स भारी होतात, प्लॅन, फोटो, बबल डायग्राम सगळं असतं, आणि पुढच्याच आठवड्यात डिझाइन सुरू झालं की त्या शीट्स रोल करून कपाटावर जातात. मग ज्युरीत कुणीतरी विचारतं की या केस स्टडीतून तुमच्या प्लॅनमध्ये काय आलं, आणि उत्तर येतं "कोर्टयार्ड". एवढं उत्तर पुरत नाही. कोर्टयार्ड कोल्हापूरच्या कुठल्याही जुन्या वाड्यात आहे, त्यासाठी अहमदाबादची केस स्टडी कशाला पाहिजे.

आमचा थर्ड इयरचा प्रोजेक्ट होता कुस्तीचं छोटं संग्रहालय. रंकाळ्याच्या बाजूची साइट, जवळजवळ सपाट. ब्रीफमध्ये जुने फोटो आणि कागदपत्रांची खोली, प्रदर्शनाच्या खोल्या, छोटं वाचनालय आणि सरावासाठी मातीचा हौद असलेली तालीम. मी प्रिसिडंट म्हणून घेतलं चार्ल्स कोरियांचं अहमदाबादच्या साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय, 1963 चं. निवडण्याचं कारण साधं होतं: तिथेही कागदपत्रं आणि फोटोच ठेवायचे होते, इमारत एकमजली, आणि जवळच्या जुन्या वास्तूवर दादागिरी न करता उभी राहिलेली. म्हणजे प्रश्न सारखा होता. फक्त दिसायला आवडलं म्हणून घेतलेली इमारत पुढे फार काही देत नाही, असं माझं मत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 6 मीटर बाय 6 मीटरचे चौरस मॉड्यूल, असे 51. विटांचे खांब, त्यावर आरसीसीचे पन्हळीसारखे बीम, वर कौलारू पिरॅमिड छप्पर. काही मॉड्यूलला भिंती आहेत, काही नुसतेच छपराखाली मोकळे, काही पूर्ण उघडे, आणि मधे पाण्याचं कोर्ट. खिडक्यांना काच नाही, लाकडी लूव्हर्स आहेत. पूर्ण भिंती असलेल्या खोल्या पाचच आहेत, बाकी सगळं त्यांच्यामधून फिरत जाणारं.

आता मूळ मुद्दा. प्लॅन नुसता चिकटवू नका, बटर पेपरवर 1:200 ला स्वतः पुन्हा काढा आणि तीन शेड द्या: बंद, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. हे करताना हाताला कळतं की ग्रिड इतका कडक असूनही फिरताना कंटाळा का येत नाही, कारण एका बंद खोलीतून दुसऱ्या बंद खोलीत थेट जाताच येत नाही, मधे अर्ध्या उघड्यातून वळून जावं लागतं. मग सेक्शन काढा. प्लॅनपेक्षा सेक्शन जास्त बोलतो, आणि नेमका तोच बऱ्याच जणांच्या शीटवर नसतो. या इमारतीचा सेक्शन काढला की लक्षात येतं की बीम नुसता भार घेत नाही, दोन छपरांचं पाणीही तोच वाहून नेतो. एकाच वस्तूला दोन कामं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, जी आजही कामाला येते. प्रत्येक निरीक्षणासमोर दोन रकाने: हे असं का, आणि ते कारण माझ्या साइटवर आहे का. दुसऱ्या रकान्यात "हो", "नाही" किंवा "अर्धवट" एवढंच लिहायचं. खरं डिझाइन "अर्धवट"मध्ये सापडतं.

पन्हळीचंच उदाहरण पूर्ण सांगतो. 6 बाय 6 चं पिरॅमिड छप्पर म्हणजे वरून बघितलं तर 36 चौरस मीटर, चार पाखी, प्रत्येकी 9. दोन मॉड्यूलच्या मधल्या पन्हळीत दोन्हीकडून एकेक पाखं उतरतं, म्हणजे एका मॉड्यूलच्या लांबीला 18 चौरस मीटरचं पाणी. चार मॉड्यूल ओळीत असले तर 72. तासाला 100 मिमीच्या वेगाने पाऊस आला असं धरा (तासभर तसाच पडेल असं नाही, पण जोराची सर दहा-पंधरा मिनिटं त्या वेगाने येऊ शकते), तर तासाला 7200 लिटर, म्हणजे सेकंदाला 2 लिटर. आडव्या पन्हळीही त्यातच सोडल्या तर आकडा आणखी वाढतो. सेकंदाला 2 लिटर हे काही भयंकर नाही, बऱ्यापैकी उतार असलेली पन्हळ आरामात नेते. मग अडचण कुठे?

अडचण पाला पडल्यावर. आपल्याकडे जूनपासून पाऊस बसला की दिवसच्या दिवस उघडीप नसते, वडा-पिंपळाची पानं, कौलावरचं शेवाळ, सगळं वाहून पन्हळीत येतं आणि तोंडाशी अडकतं. पन्हळ तुंबली की पाणी कडेवरून सांडतं, आणि मधल्या पन्हळीची कड म्हणजे आतली खोली. बाहेरच्या वळचणीची पन्हळ तुंबली तर पाणी अंगणात पडतं, कुणाचं काही बिघडत नाही, पण मधली तुंबली तर खाली ठेवलेल्या जुन्या फोटोंवर. तर दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं: "अर्धवट. पाणी न्यायचं कारण तेच, पाऊस जास्त दिवसांचा, सांडण्याची भीती मोठी."

इथून तीन बदल निघाले आणि प्लॅन त्यांनीच बदलला. पहिला, पन्हळ 900 मिमी रुंद केली, म्हणजे माणूस आत उतरून चालत जाऊन साफ करू शकेल. त्यामुळे ग्रिड साधा 6-6-6 न राहता 6, मग 0.9 ची पट्टी, मग 6 असा झाला, आणि प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना खांब आले. खालच्या बाजूला ही पट्टी नुसती वाया जाऊ दिली नाही. तिथे भिंतीतली कपाटं, शोकेस, वायरिंगचे डक्ट बसले, आणि प्रदर्शनाच्या खोल्यांच्या भिंती सपाट राहिल्या. दुसरा, उतार. 1:100 धरला तर 24 मीटर लांबीला 240 मिमी उतरावं लागतं, बीमची खोली उगीच वाढते, म्हणून मधून दोन्हीकडे उतार दिला, प्रत्येकी साधारण 12 मीटर, 120 मिमी. टोकाची बाहेरची कड मुद्दाम आतल्या कडेपेक्षा खाली ठेवली. तुंबली तरी पाणी आधी बाहेर सांडेल, खोलीत नाही. तिसरा, कागदपत्रांची खोली कुठल्याही मधल्या पन्हळीला लागून ठेवली नाही. तिला वेगळं छप्पर, चारही बाजूंनी पाणी बाहेर.

तिसऱ्या बदलामुळे ती खोली ग्रिडमधून सुटून बाजूला आली, आणि मला वाटतं पूर्ण डिझाइनमधली तीच सगळ्यात चांगली गोष्ट झाली. ग्रिड मोडायला कारण होतं, त्यामुळे मोडलेला ग्रिड बघणाऱ्याला खटकत नाही.

लूव्हर्सचं पण तसंच. अहमदाबादला उन्हाळा कडक, तिथे ऊन अडवून वारा आत घ्यायला काच नसलेली खिडकी एकदम बरोबर. कोल्हापुरात उन्हाळा त्या मानाने सौम्य, पण पश्चिमेकडून येणारी पावसाची झड लूव्हर्समधून सरळ आत येते. हिशोब सोपा आहे: वळचण जमिनीपासून 2.4 मीटरवर, खिडकीचा उंबरा 0.9 वर, मधे 1.5 मीटर. झड 45 अंशात आली असं धरलं तर छप्पर 1.5 मीटर पुढे पाहिजे, वारा जोरात असला तर त्याहून जास्त. एवढं लांब नुसतं पुढे काढण्यापेक्षा पश्चिमेला सोपा दिला, वाड्यांना असतो तसा, खोलीच्या पुढे खांबांवर. लूव्हर्स सोप्याच्या आत राहिले. पूर्वेला आणि कोर्टच्या बाजूला कोरियांसारखेच उघडे ठेवले. कागदांच्या खोलीला मात्र लूव्हर्स नाहीतच, पावसाळ्यातल्या दमट हवेत जुने फोटो तसे ठेवता येत नाहीत. तिथे उत्तरेकडून वरचा उजेड, घट्ट बंद होणारी खिडकी.

हे शोधायला अहमदाबादला जाऊन भागत नाही, गावातही फिरावं लागतं. पावसात पेठांमधल्या कौलारू घरांसमोर उभं राहून पागोळ्या भिंतीपासून किती लांब पडतात, भिंतीचा कुठपर्यंतचा भाग ओला होतो, एवढं बघा, टेपने मोजा. ओल्या भिंतीची रेघ म्हणजे झडीचा अँगल तुमच्यासमोर काढून ठेवलेला असतो. प्रिसिडंट एक लांबचा आणि एक असा जवळचा, दोन्ही मिळून काम होतं. दहा इमारतींची एकेक शीट करण्यापेक्षा हे कितीतरी पटीने बरं.

आता प्रिसिडंट कुठे संपतो ते. तालमीचा हौद आम्हाला 9 मीटरचा चौरस होता. 6 च्या मॉड्यूलमध्ये तो बसत नाही, आणि मधे खांब आलेल्या हौदात कुस्ती होत नाही, विषयच संपला. गांधी संग्रहालयात एवढी मोठी एकसंध जागा लागतच नव्हती, म्हणून तिथे याचं उत्तर शोधत बसण्यात अर्थ नाही. माझ्या बॅचमध्ये काहींनी ग्रिडवर प्रेम बसल्यामुळे हौदच लहान केला, ते मला अजिबात पटलं नव्हतं. मी ग्रिडची मापं तेवढी ठेवली: दोन मॉड्यूल आणि मधली पट्टी मिळून 12.9 मीटर, त्यात 9 चा हौद आणि चारी बाजूंनी जवळजवळ दोन मीटर, बघणाऱ्यांना उभं राहायला आणि वस्तादांना फिरायला. मधले सगळे खांब काढले. वर एकच दोन पाखी छप्पर, स्टीलच्या ट्रसवर, आत पन्हळ नाही, पाणी दोन्हीकडे बाहेर. हौदाची माती ओली झाली तर सराव बंद, त्यामुळे इथे पन्हळीचा धोका घ्यायचाच नव्हता. या जागेसाठी मी खासबाग मैदान बघितलं, शाहू महाराजांच्या काळातलं, तिथे मधला हौद खाली आणि बघणारे चढत्या मातीवर गोल बसतात. तो चढ छोट्या प्रमाणात, तीन पायऱ्यांचा, तालमीच्या दोन बाजूंना घेतला.

शीट कशी लावायची तेही सांगतो, कारण ज्युरीला सात-आठ मिनिटंच मिळतात. केस स्टडीची वेगळी शीट आधी आणि डिझाइन नंतर असं लावू नका. एकाच शीटवर डावीकडे कोरियांचा सेक्शन, उजवीकडे तुमचा, दोन्ही एकाच स्केलला, शक्यतो 1:50, आणि पन्हळीचा डिटेल दोन्हीकडे 1:20 ला. मधे दुसऱ्या रकान्यातलं ते एक वाक्य लिहा. आमच्या ज्युरीतल्या बाहेरून आलेल्या आर्किटेक्ट मॅडम त्या दोन सेक्शनसमोरच थांबल्या आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, पन्हळीत उतरायला शिडी कुठून? शिडी तालमीच्या मागच्या भिंतीला दाखवलेली होती. तिथून चर्चा सुरू झाली ती पाणी, कौलं, दुरुस्ती कोण करणार यावरच राहिली.

वेळेचं म्हणाल तर दोन रकान्यांचा कागद कॉन्सेप्ट ठरायच्या आधी तयार पाहिजे. प्लॅन फायनल झाल्यावर केलेला कागद ठरलेल्या गोष्टींना कारणं चिकटवतो, आणि ते ओळखायला सोपं असतं: त्यात "नाही" आणि "अर्धवट" एकदाही आलेलं नसतं.