हजेरीच्या वेळेवरून पाळी ठरवताना या चुका टाळा

एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये मी हजेरी बघायचो. तीन पाळ्या होत्या: सकाळी ६ ते २, दुपारी २ ते १० आणि रात्री १० ते ६. पंचिंगची वेळ बघून एक्सेलने समोर सकाळ, दुपार किंवा रात्र लिहावं, एवढंच हवं होतं. पहिल्याच महिन्यात रात्रपाळीवाले कोरे राहिले, आणि ते सूत्र सुधारल्यावर पहिल्या पाळीच्या काही कामगारांपुढे रात्रपाळी लागली. भत्ता या शिक्क्यावरच निघतो, त्यामुळे हा घोळ थेट पगारात उतरतो.

रात्रपाळीवाले कोरे का राहिले? सूत्र असं होतं:

```
=IF(AND(B2>=TIME(22,0,0),B2<TIME(6,0,0)),"रात्र","")
```

वाचायला बरोबर वाटतं. पण एक्सेलसाठी वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. सकाळचे ६ म्हणजे ०.२५, रात्रीचे १० म्हणजे सुमारे ०.९१७, आणि मध्यरात्री परत शून्य. एकच आकडा ०.९१७ पेक्षा मोठा आणि ०.२५ पेक्षा लहान असूच शकत नाही, म्हणून ही अट कधीच खरी होत नाही. रात्रीचे दोन तुकडे धरावे लागतात: मध्यरात्रीनंतरचा आणि आधीचा.

सकाळच्या माणसाला रात्र का लागली, हे कळायला वेळ लागला. तो ५:४८ ला पंच करून आत आला होता. सहाच्या पाळीला कोणी सहाच्या ठोक्याला येत नाही, दहा-पंधरा मिनिटं आधीच येतो. सुधारलेल्या सूत्राला मात्र सहाच्या आधीचं सगळं रात्रच. म्हणून पाळीची वेळ आणि शिक्क्याची सीमा एकच ठेवू नका. आम्ही सीमा अर्धा तास अलीकडे आणली. C2 मध्ये आधी मिनिटं काढायची:

```
=MOD(ROUND(B2*1440,0)+30,1440)
```

आणि D2 मध्ये शिक्का:

```
=IF(ISNUMBER(B2),IF(C2<360,"रात्र",IF(C2<840,"सकाळ",IF(C2<1320,"दुपार","रात्र"))),"तपासा")
```

५:४८ म्हणजे ३४८ मिनिटं, त्यात ३० मिळवली की ३७८, म्हणजे सकाळ. २१:४६ चे १३०६ अधिक ३० झाले १३३६, म्हणजे रात्र. सेलमध्ये वेळेबरोबर तारीख असली तरी MOD ती गाळून टाकतो. मिनिटांत पूर्णांक केल्यामुळे ठीक १३:३० ची नोंद दशांशाच्या बारीक फरकाने चुकीच्या बाजूला जाण्याची भीतीही राहत नाही. हे फक्त आत येण्याच्या पंचला लावा. दुसऱ्या पाळीचा माणूस २२:०४ ला बाहेर पडतो, त्या नोंदीला हेच सूत्र रात्र म्हणेल. आणि कोणी तासभर आधी आला तर शिक्का चुकणारच, तिथे सुपरवायझरला विचारावं लागतं.

यानंतरही नोंदी चुकत असतील तर दोष बहुधा सेलमध्ये असतो. मशीनमधून आलेली वेळ कित्येकदा मजकूर असते. सेलला वेगळं अलाइनमेंट दिलेलं नसेल तर ती डावीकडे चिकटलेली दिसते. मजकुराची आकड्याशी थेट तुलना केली की एक्सेल मजकूर मोठा धरतो, म्हणून साध्या सूत्रात असा माणूस शेवटच्या पाळीत, म्हणजे रात्रीत जाऊन पडतो. वरच्या सूत्रात तो आणि रिकामा सेलही ‘तपासा’त येतो. एखाद्या रिकाम्या कॉलममध्ये `=VALUE(TRIM(B2))` करून वेळ पुन्हा मिळवता येते.

खरी फसवणारी नोंद मात्र हाताने लिहिलेली. आपल्याकडे सहा वाजून पाच मिनिटं ६.०५ अशी लिहायची सवय आहे. एक्सेलमध्ये हा निव्वळ आकडा होतो, ISNUMBER त्याला हरकत घेत नाही, आणि MOD नंतर उरलेला ०.०५ म्हणजे रात्रीचे १:१२. शिक्का लागतो ‘रात्र’. ओळखायचं असं: सेलचा फॉरमॅट General करा. खरी वेळ एकाहून लहान दिसते, तारखेसकट असेल तर चाळीस हजारांच्या वर. ६.०५ मात्र ६.०५ च दिसेल. एक ते चोवीसमधला आकडा सापडला की असं दुरुस्त करा:

```
=TIME(INT(B2),ROUND(MOD(B2,1)*100,0),0)
```

राहिली तारीख. रात्रपाळीचा माणूस उशिरा, ४ तारखेला ००:२० ला आला, तर शिक्का बरोबर लागतो, पण ती पाळी ३ तारखेची. तारखेवरून मोजलं तर त्याची ३ ची गैरहजेरी पडते. B2 मध्ये तारीख आणि वेळ दोन्ही असतील तर पाळीची तारीख अशी काढा आणि सेलला तारखेचा फॉरमॅट द्या:

```
=INT((ROUND(B2*1440,0)-330)/1440)
```

३३० म्हणजे पहाटेचे साडेपाच, तीच सीमा. पुढे ती अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटांवर आणायची ठरली, तर C2 मधले ३० आणि इथले ३३० दोन्ही बदला: २० आणि ३४०. एकच बदललं तर त्या दहा मिनिटांत आलेल्या माणसाचा शिक्का एका दिवसाचा आणि तारीख दुसऱ्या दिवसाची होते.