मेल ॲपचं फिंगरप्रिंट लॉक उघडेना? घाईत या चुका टाळा

काजूचा सीझन आला की आमच्या वाळपईच्या मावसभावाचा मोबाइल त्याला ओळखायचाच बंद होतो. घरचाच छोटा कारखाना, बिया भाजायच्या आणि फोडायच्या, आणि टरफलातलं ते काळं तेल किती जहाल असतं ते ज्याने हाताळलंय त्यालाच ठाऊक. हातमोजे असतात पण ते घालतो कोण! मग अंगठा आणि पहिल्या बोटाची सालं निघतात, कातडी गुळगुळीत होते, आणि फोनने जो ठसा साठवून ठेवलाय त्याच्याशी काहीच जुळत नाही. या वर्षी मार्चमध्ये नेमकं हेच झालं आणि त्यात त्याने मेल ॲपला फिंगरप्रिंट लॉक लावलेलं, बेळगावच्या एका व्यापाऱ्याला भाव पाठवायचा होता, तो मेल लिहून झालेला पण रेंज नसल्यामुळे आउटबॉक्समध्येच अडकलेला, आणि ॲप काही उघडेना.

फोन आला, "ताई, डिलीटच मारतंय हां हे ॲप, परत घालूया."

म्हटलं थांब रे बाबा, आधी हात काढ त्या फोनवरून.

हे डिलीट मारणं म्हणजे सगळ्यात मोठी चूक, तिच्याकडे शेवटी येते, कारण त्याच्या आधी लोक अजून तीनचार चुका करतात आणि मगच तिथे पोचतात.

पहिली गोष्ट अशी की मेल ॲपला तुमचं बोट माहीतच नसतं. ठसा फोनच्या आत वेगळ्या सुरक्षित जागेत असतो, ॲप फक्त फोनला विचारतं की हा मालकच आहे का, आणि फोन हो किंवा नाही एवढंच सांगतो. म्हणून ॲप उघडलं नाही की ॲपशी झटापट करू नका, फोन लॉक करा आणि त्याच बोटाने फोन उघडतो का ते बघा. फोनच उघडत नसेल तर भानगड बोटाची किंवा सेन्सरची, ॲपचा काही दोष नाही. फोन पटकन उघडतोय आणि ॲपच अडून बसलंय तर मग ॲपच्या सेटिंगमध्ये बघायचं. एवढ्या एका तपासणीने अर्धं काम होतं आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

दुसरी चूक, बोट दाबत राहणं. अँड्रॉइडवर पाच वेळा चुकलं की साधारण 30 सेकंद सेन्सर बंद, आणि तरीही रेटत राहिलात तर फोन म्हणतो आता बोट नकोच, पिन टाका. आयफोनला फेस आयडी पाच वेळा चुकला की पासकोड लागतो. भावाने किती वेळा दाबलं असेल देव जाणे, ॲपमध्ये नुसतं "खूप वेळा प्रयत्न झाले" असं दिसत होतं आणि त्याला वाटलं ॲप बिघडलं. यावर उपाय अगदी सोपा आहे: ॲपमधून बाहेर या, फोनची स्क्रीन लॉक करा आणि या वेळी बोट न लावता पिन टाकून फोन उघडा. पिन बरोबर पडला की अडवलेला सेन्सर परत चालू होतो आणि मेल ॲपमध्येही परत बोट मागायला लागतो. फोन रीस्टार्ट केलात तरी पहिल्यांदा पिनच लागतो, आणि अँड्रॉइड तर सगळं सुरळीत असतानाही सहसा 72 तासांनी एकदा पिन मागतोच, तेव्हा "माझं फिंगरप्रिंट गेलं" म्हणून घाबरू नका.

आता पिन कुठला, यात लोकांचा फार घोळ होतो. काही मेल ॲप्स बोट चुकलं की फोनचाच पिन चालवून घेतात आणि काहींमध्ये लॉक चालू करताना ॲपचा वेगळा पिन ठेवायला लावतात, तो आपण घाईत काहीतरी टाकून मोकळे होतो आणि विसरतो. बोट मागणाऱ्या चौकटीत खाली बारीक अक्षरात "पिन वापरा" अशा अर्थाचं काहीतरी असतं, तिथे दाबा आणि नीट वाचा की फोनचा मागतंय की ॲपचा. आयफोनवर iOS 18 पासून (2024) बहुतेक ॲप्सच्या आयकॉनवर बोट दाबून धरलं की Require Face ID मिळतं, तिथे चेहरा चुकला तर सहसा फोनचा पासकोड चालतो, वेगळं काही लक्षात ठेवायला नको. अँड्रॉइडच्या जीमेलमध्ये स्वतःचं असं लॉक नाही, तिथे बहुतेक लोक फोन कंपनीने दिलेलं ॲप लॉक वापरतात, आणि त्याचा पॅटर्न फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवलेला असू शकतो, तेव्हा अडकलात तर मेलच्या नाही, फोनच्या सेटिंगमध्ये शोधा.

तिसरा घोळ चेहऱ्याचा. भावाचा पुढचा प्रश्न हाच होता, की फोन तर माझं तोंड बघून उघडतो, मग मेल का नाही उघडत? कारण त्याच्या फोनचं फेस अनलॉक नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालतं. अँड्रॉइडमध्ये बायोमेट्रिकच्या, म्हणजे बोट किंवा चेहऱ्यावरून ओळखण्याच्या, तीन पायऱ्या आहेत आणि असं साधं कॅमेऱ्याचं फेस अनलॉक बऱ्याच फोनवर सगळ्यात खालच्या पायरीत पडतं, ते स्क्रीन उघडण्यापुरतं चालतं, ॲपच्या स्वतःच्या कुलपाला चालत नाही. सपाट चित्रावरून ओळखणारा कॅमेरा फोटोला फसू शकतो म्हणून ही काळजी. आयफोनचा फेस आयडी चेहऱ्यावर हजारो अदृश्य ठिपके टाकून खोली मोजतो म्हणून तो ॲप्समध्ये चालतो, आणि गुगलच्या पिक्सेलमध्ये 8 पासून (2023) चेहरा ॲप्समध्येही चालतो. तेव्हा तुमच्या मेल ॲपच्या लॉकमध्ये फेसचा पर्यायच दिसत नसेल तर तो दडलेला नाहीये, तुमच्या फोनला तो नाहीच, शोधण्यात वेळ घालवू नका.

आता चौथी, आणि ही खरी महागात पडणारी. ॲप बोट घेत नाही म्हणून लोक सरळ फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनी बोटं काढतात आणि नवीन टाकतात. वाटतं की प्रश्न सुटला. पण बरीच ॲप्स कुलपाची किल्ली त्या वेळी फोनमध्ये असलेल्या बोटांना बांधून ठेवतात, आणि नवीन बोट आत आलं की ती किल्ली कायमची बाद होते, मुद्दामच तशी सोय आहे, नाहीतर फोनचा पिन कळलेला कोणीही स्वतःचं बोट टाकून तुमचा मेल वाचेल. मग ॲप म्हणतं बायोमेट्रिक बदललंय, परत साइन इन करा, आणि पासवर्ड कोणाला आठवतोय!

म्हणून क्रम उलटा ठेवायचा, आणि भावाकडून फोनवरून तेच करून घेतलं. त्याचं ॲप फोनचा पिन चालवून घेणारं निघालं हे नशीब. आधी फोन पिनने उघडला, मग ॲपमध्ये "पिन वापरा" करून आत गेला. आत गेल्यावर सेटिंगला हात न लावता पहिल्यांदा गच्चीवर रेंजमध्ये जाऊन आउटबॉक्स रिकामा होईपर्यंत थांबायला सांगितलं, व्यापाऱ्याचा मेल गेला. मग ॲपच्या सेटिंगमधून लॉक बंद केलं. त्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये डाव्या हाताची करंगळीजवळची दोन बोटं टाकली, कारण बिया फोडताना त्यांना तेल कमी लागतं, आणि सगळ्यात शेवटी ॲपमध्ये जाऊन लॉक परत चालू केलं. लॉक बंद, बोट टाका, लॉक चालू. या क्रमाने किल्ली नव्या बोटांवरच तयार होते आणि साइन इनचा प्रश्नच येत नाही.

बोट टाकताना एक बघा, हात अगदी कोरडा असताना टाकलेला ठसा पावसात ओल्या बोटाला रुसू शकतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हाताला कोरडेपणा असा नसतोच, त्यात चवथीच्या दिवसात नारळ खवून खवून बोटं तेलकट. बाजूच्या बटणावरचा सेन्सर असेल तर बोट आणि बटण दोन्ही पुसायची सवय ठेवा, स्क्रीनखालचा असेल तर नवीन टेम्पर्ड ग्लास लावल्यावर बोट परत टाकावं लागू शकतं (वरचाच क्रम पाळून!). आणि एकच बोट दोनदा टाकलंत तरी चालतं, एकदा सरळ धरून, एकदा कडेने.

हे करताना यादीत एक जास्तीचं बोट दिसलं, ते वहिनीचं. तिचं असायला हरकत नाही, पण लक्षात घ्या की फोनमध्ये ज्याचं ज्याचं बोट आहे त्या प्रत्येकाला मेल ॲप सहसा उघडतं, बोट कोणाचं ते ॲपला कळत नाही. गेम खेळायला म्हणून पोराचं बोट टाकलेलं असेल तर ते लॉक पोरासाठी नाहीच. तसंच नोटिफिकेशनचं, ॲपला कुलूप आणि लॉक स्क्रीनवर मेलचा विषय आणि ओटीपी खुशाल वाचता येतोय असं असेल तर नोटिफिकेशनमधला मजकूर लपवा, ती सेटिंग बहुतेक वेळा वेगळी असते.

आणि आता ते डिलीटचं. ॲप काढलं किंवा अँड्रॉइडमध्ये "क्लिअर डेटा" केलं की अकाउंट, न गेलेले मेल, फोनवरच राहिलेले ड्राफ्ट सगळं जाऊ शकतं ("क्लिअर कॅशे" वेगळं, त्याने अकाउंट जात नाही, पण लॉकही सुटत नाही). सर्व्हरवरचे मेल परत येतात हे खरं, पण जुन्या धाटणीचं POP अकाउंट असेल, छोट्या हॉटेलांची आणि दुकानांची स्वतःच्या डोमेनची अशी अजून बरीच आहेत, तर मेल फोनवर उतरवून सर्व्हरवरून पुसलेले असू शकतात, मग ते कुठूनच येत नाहीत. म्हणून आधी दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझरमधून मेल उघडून बघा, जुने मेल तिथे दिसतायत का, पासवर्ड चालतोय का, आणि साइन इन करताना पासवर्डनंतरचा कोड ज्यावर येतो तो नंबर अजून तुमच्याकडेच आहे का. तिन्हीला हो असेल तरच काढा.

फोनवर ऑफिसचा मेल असेल तर तेवढंही करू नका. तिथे पिनचे नियम कंपनी ठरवते, ठरावीक वेळ ॲप वापरलं नाही की बोट बाजूला ठेवून पिन मागणं हेही त्यात येतं, आणि पिन ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त चुकला तर काही कंपन्यांत ॲपमधला ऑफिसचा डेटा आपोआप पुसला जातो. तिथे अंदाजाने पिन टाकत बसू नका, "पिन विसरलात?" दाबून ऑफिसच्या अकाउंटने साइन इन करा, नाहीतर सरळ आयटीवाल्याला फोन लावा.