या चुका टाळा: सत्रांच्या पलीकडे टिकणारी जोडलेली टिपणे

बी.ए. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे पाचव्या सत्रात बहुधा पाच फोल्डर असतात आणि प्रत्येकात ‘लेक्चर ७’ नावाची एखादी फाइल असते. सत्रनिहाय फोल्डर करणे ही पहिली चूक आहे; ती सोयीची वाटते म्हणूनच टिकते. फोल्डर सांगतो की हे आपण कधी शिकलो. शोधताना मात्र आपल्याला आठवते ती कल्पना, सत्र नव्हे. म्हणून टिपण एका कल्पनेचे असावे, त्याचे शीर्षक पूर्ण विधान असावे आणि विषय व सत्र यांची नोंद फाइलच्या माथ्यावर करावी. ऑब्सिडियन या टिपणे ठेवण्याच्या ॲपमध्ये ती अशी दिसते:

```
---
aliases: [कॉबवेब, cobweb model, कांद्याच्या भावाचे चक्र]
courses: [अर्थशास्त्र-१, गणित-३, कृषी अर्थशास्त्र-५]
---
```

`aliases` म्हणजे त्याच टिपणाची पर्यायी नावे. इथे कांद्याचेच उदाहरण घेऊ. पहिल्या सत्रात कॉबवेब मॉडेल शिकवतात: शेतकरी मागच्या हंगामाच्या भावावरून लागवड ठरवतो, त्यामुळे पुरवठा भावाच्या एक पाऊल मागे राहतो. तिसऱ्या सत्रात गणिताच्या वर्गात गुणोत्तर श्रेढी येते आणि गुणोत्तराचे केवल मूल्य १ पेक्षा कमी असेल तर पदे शून्याकडे जातात, हे आपण लिहून घेतो. ही दोन टिपणे वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पडून राहतात, पण गोष्ट एकच आहे. सरळ रेषेच्या मॉडेलमध्ये पुरवठ्याच्या रेषेतील भावाचा गुणक भागिले मागणीच्या रेषेतील गुणक (चिन्ह सोडून) ०.५ असेल आणि भाव समतोल भावापेक्षा क्विंटलमागे ८०० रुपयांनी वर गेला, तर पुढच्या हंगामात तो ४०० रुपयांनी खाली, त्यापुढे २०० रुपयांनी वर जातो आणि शेवटी स्थिरावतो. हेच गुणोत्तर १.२ असले तर ८०० चे ९६० होतात आणि चढउतार वाढतच जातात. कॉबवेबचे उत्तर गणितातल्या त्या अटीतच दडलेले आहे.

दुसरी चूक इथेच होते. जोड दिली जाते, पण ती का दिली हे लिहिले जात नाही. टिपणाच्या तळाशी ‘हेही पाहा’ म्हणून दहा दुवे टाकले, तर दोन महिन्यांनी त्यांतला एकही दुवा काही सांगत नाही. दुवा वाक्यात बसवावा:

```
भाव स्थिरावतो, कारण विचलने [[गुणोत्तराचे केवल मूल्य १ पेक्षा कमी असेल तर श्रेढीची पदे शून्याकडे जातात|गुणोत्तर श्रेढीप्रमाणे]] कमी होतात.
```

उभ्या रेषेनंतरचा मजकूर वाचताना दिसतो आणि आधीचा भाग फाइलचे नाव असते. मराठीत ही सोय फारच उपयोगी पडते, कारण आपली नामे विभक्ती घेताना रूप बदलतात आणि प्रत्येक वाक्यात मूळ शीर्षक जसेच्या तसे बसत नाही.

विभक्तीचा खरा त्रास मात्र शोधताना होतो आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ‘लवचिकता’ हा शब्द शोधला तर ‘लवचिकतेचा’ सापडत नाही, कारण त्यात शेवटची ‘ता’ नाही. ‘लवचिकत’ एवढेच टंकले तर दोन्ही रूपे येतात. ‘किंमत’ त्याहून फसवा: प्रमाण लेखनात ‘किमतीत’ होताना अनुस्वारच गळतो, तेव्हा `किंमत OR किमत` असा शोध घ्यावा. तिसरा घोळ डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्याचा’ मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो, एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने आणि एकदा साध्या ‘र’ पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. फोनवर लिहिलेले टिपण लॅपटॉपवर सापडत नसेल, तर आधी हीच शंका घ्यावी. खात्री करायची असेल तर मूळ टिपणातला शब्द कॉपी करून शोधचौकटीत चिकटवावा: चिकटवलेला सापडतो आणि टंकलेला सापडत नाही, तर दोष टंकलेखनात आहे. तात्पुरता उपाय म्हणून `शेतक` एवढेच शोधावे. पीडीएफमधून जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधला मजकूर आणला असेल, तर तो कसाही शोधला तरी सापडणार नाही. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा नव्याने टंकावा लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट: फाइलचे नाव बदलायचे असेल तर ते ऑब्सिडियनच्या आतूनच बदलावे, कारण तिथे दुवे आपोआप सुधारले जातात. संगणकाच्या फाइल एक्सप्लोररमधून बदलले, तर दुवे जुन्याच नावाकडे बोट दाखवत राहतात.

जुनी सगळी टिपणे सुट्टीत एका दमात जोडत बसणे हा माझ्या मते वेळेचा अपव्यय आहे. त्याऐवजी शोध फसेल तेव्हाच दुरुस्ती करावी. समजा, सहाव्या सत्रात तुम्ही ‘भावातील तेजी-मंदी’ शोधलेत आणि कॉबवेबचे टिपण दुसऱ्याच वाटेने हाती लागले, तर तो शब्द तिथल्या तिथे `aliases` मध्ये घालावा.